नऊ पिनांची केबल: सरळ की उलटी? शेवगावच्या काट्यावरची एक दुपार

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकताना पिनांचे आकडे डोक्यातून निसटतात अशी तुमची तक्रार असते, म्हणून या वेळी बोललेलं जसंच्या तसं न उतरवता थोडं नीट लावून लिहिलंय. जोडणीचे तक्तेही दिलेत. काट्यावर, डेअरीवर किंवा वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी ते मोबाईलमध्ये जपून ठेवावेत.

विषय साधा आहे. नऊ पिनांच्या दोन केबली हातात घ्या. दिसायला सारख्या, लांबी सारखी, टोकाला तेच दोन स्क्रू. तरी एक चालते आणि दुसरी चालत नाही. एकीला सरळ केबल म्हणतात, दुसरीला नल मोडेम किंवा आपल्या बाजारातल्या भाषेत क्रॉस केबल. कोणत्या यंत्राला कोणती लागते, आणि दुकानात न जाता ते ओळखायचं कसं, हे आज बघू.

काट्यावर काय झालं

गोष्ट आमच्या शेवगावचीच. कापसाचा हंगाम होता. पैठण रस्त्याच्या बाजूला एका वजनकाट्यावर टेम्पो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली. सकाळीच फोन आला, "दादा, जरा येता का? काटा चालतोय, पण कॉम्प्युटरला वजन येईना."

तिथला जुना कॉम्प्युटर दोन दिवसांपूर्वी बंद पडला होता. नवीन आणला, पण त्याला मागे नऊ पिनांचं पोर्टच नाही. म्हणून यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर आणला. जुनी केबल हलवाहलवीत एका टोकाला तुटली होती, म्हणून नगरहून नवीन नऊ पिनांची केबल मागवली. सगळं जोडलं. इंडिकेटरवर लाल आकडे ठळक दिसत होते, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर वजनाच्या चौकटीत शून्य.

काट्यावरच्या मुलाने मग जमेल ते केलं. इंडिकेटरवरचा आकडा बघायचा, मोठ्याने वाचायचा आणि हाताने टाइप करायचा. मी पोहोचलो तेव्हा एक काका पावती घेऊन खिडकीत उभे होते. इंडिकेटरवर भरलेल्या टेम्पोचं वजन ७,८४० किलो होतं, पावतीवर ७,४८० पडलं होतं. दोन आकड्यांची अदलाबदल. फरक ३६० किलोचा, म्हणजे ३.६ क्विंटल. २०२४-२५ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. त्या हिशेबाने एका पावतीत सत्तावीस हजारांवर रुपये गेले असते. काकांनी स्वतः आकडा वाचून ठेवला होता म्हणून ते सापडलं. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो वाचला असेल, असं थोडंच आहे? त्यामुळे वजन थेट तारेतून येणं ही त्या काट्यावर नुसती सोय नव्हती.

तिथे तीन मतं होती. एक म्हणे कन्व्हर्टर खराब. दुसरा म्हणे इंडिकेटरचं कार्ड गेलं, ते बदलावं लागेल. तिसरा म्हणे सॉफ्टवेअर परत टाका. केबलवर कुणाचाच संशय नव्हता, कारण ती कोरी करकरीत होती.

मुळात दोन प्रकार का?

तपासणीकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ. हे कळलं की पुढचं पाठ करावं लागत नाही.

ही जोडणी ज्या मानकाने होते त्याचं नाव आरएस-२३२. ते अमेरिकेत १९६० साली आलं. तेव्हा प्रश्न एवढाच होता की एका बाजूला टाइप करायचं यंत्र किंवा टर्मिनल, दुसऱ्या बाजूला टेलिफोन लाइनवर बोलणारं मोडेम, आणि या दोघांना जोडायचं कसं. म्हणजे दोन्ही टोकांना वेगळ्या जातीची यंत्रं असणार, हे धरूनच सगळं ठरवलं गेलं. टर्मिनलच्या जातीला डीटीई म्हणतात, मोडेमच्या जातीला डीसीई. कॉम्प्युटर हा टर्मिनलच्या जागी आला म्हणून तो डीटीई.

नऊ पिनांचा कनेक्टर आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीमुळे सगळीकडे पसरला. आपण त्याला डीबी-नऊ म्हणतो, त्याचं खरं नाव डीई-नऊ. कॉम्प्युटरच्या बाजूला त्यातल्या तीन पिना कामाच्या: २ नंबरवर ऐकायचं, ३ नंबरवर बोलायचं आणि ५ नंबर ही दोघांची सामायिक जमीन, म्हणजे ग्राउंड. मोडेमच्या बाजूला याच्या बरोबर उलट. तिथे २ नंबर बोलतो आणि ३ नंबर ऐकतो.

आता कॉम्प्युटर आणि मोडेम सरळ केबलने जोडा. दोन दोनला, तीन तीनला, पाच पाचला. कॉम्प्युटरचं तोंड मोडेमच्या कानाला लागतं आणि मोडेमचं तोंड कॉम्प्युटरच्या कानाला. उलटापालट यंत्रातच केलेली आहे, म्हणून केबल सरळ चालते.

पण दोन्ही टोकांना कॉम्प्युटरच्या जातीची यंत्रं आली तर? सरळ केबलने तोंडाला तोंड लागतं आणि कानाला कान. दोघं एकाच तारेवर बोलतात आणि दुसऱ्या तारेवर दोघंही कान लावून बसतात. तिथे कुणीच बोलत नाही. म्हणून उलटापालट केबलमध्ये करावी लागते. मध्ये मोडेम नाही, पण असल्यासारखं वाटावं, म्हणून या केबलला नल मोडेम म्हणतात. नल म्हणजे शून्य.

इथे एक गोंधळ कायम होतो. पिनांची नावं कॉम्प्युटरच्या बाजूने दिलेली आहेत. मोडेमवर ३ नंबरलाही टीएक्सडी, म्हणजे पाठवण्याची पिन, असंच नाव असतं. पण मोडेमच्या दृष्टीने ती ऐकायची पिन आहे. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत 'टीएक्स' कुठे लिहिलंय यावर एकट्यावर विसंबू नका. ते कुणाच्या बाजूने लिहिलंय हे पुस्तिका नेहमी सांगतेच असं नाही.

तपासणी: आधी आपली बाजू

पहिलं काम म्हणजे कन्व्हर्टर खरंच खराब आहे का ते बघणं. याला पैसे लागत नाहीत. Device Manager उघडून बघितलं तर कन्व्हर्टर COM5 म्हणून लागला होता. काट्याचं सॉफ्टवेअर अजून जुन्या COM1 वरच वाट बघत होतं. म्हणजे एक चूक इथेच सापडली. पोर्टच्या Advanced सेटिंगमध्ये त्याला COM1 नंबर दिला. तरी पडद्यावर शून्यच.

मग कन्व्हर्टरवरून केबल काढली आणि त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका लवचिक तारेने एकमेकींना टेकवल्या. काट्याचं सॉफ्टवेअर बंद केलं, कारण एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट धरू शकतो. PuTTY उघडलं, Serial निवडलं, Flow control हे None केलं आणि काहीही टाइप केलं. टाइप केलेली अक्षरं पडद्यावर परत आली. म्हणजे कन्व्हर्टरचं तोंड बोलतंय आणि कान ऐकतोय. तार काढली की अक्षरं येणं बंद. हे दोन्ही बघावं, नाहीतर टाइप केलेलं पडद्यावर आपोआप दाखवायची सेटिंग चालू असली तर आपण फसतो.

कन्व्हर्टर निर्दोष सुटला.

मल्टिमीटरची खूण

आता आजच्या भागातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. हिच्यामुळे यंत्राची पुस्तिका हरवली असली तरी अडत नाही.

आरएस-२३२ मध्ये बोलणारी पिन गप्प असते तेव्हा तिच्यावर उणे व्होल्टेज असतं. मानकानुसार उणे ३ ते उणे १५ व्होल्टच्या मध्ये ते ओळखलं जातं. प्रत्यक्षात साधारण उणे ५ ते उणे १२ दिसतं. ऐकणारी पिन आतून काही हजार ओहमच्या रेझिस्टन्सने ग्राउंडला बांधलेली असते, म्हणून ती मोकळी असताना जवळपास शून्य दाखवते.

म्हणजे करायचं एवढंच. केबल दोन्ही बाजूंनी काढा. यंत्रं चालू ठेवा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. काळी तार ५ नंबरवर धरा आणि लाल तार आधी २ वर, मग ३ वर. जिथे ठळक उणे आकडा येईल, ते त्या यंत्राचं तोंड. हे दोन्ही यंत्रांवर करा.

निकाल लावायला एकच नियम पुरतो. दोन्ही यंत्रांचं तोंड एकाच नंबरच्या पिनेवर आलं तर उलटी केबल. वेगवेगळ्या नंबरवर आलं तर सरळ केबल.

काट्यावर हे आकडे आले:

```
                  PIN 2      PIN 3
USB converter      0.0 V     -5.8 V
Indicator          0.0 V     -8.7 V
```

दोघंही ३ नंबरवर बोलत होते. म्हणजे उलटी केबल हवी. नवीन केबलची टोकं बीपवर तपासली, तर २ ला २ आणि ३ ला ३ वाजलं. केबल सरळ होती. मग कोपऱ्यात फेकलेली जुनी तुटकी केबल उचलली आणि तिची टोपी उघडली. आत कुणीतरी वर्षांपूर्वी हाताने डाग लावून २ आणि ३ ची अदलाबदल केलेली होती. करणाऱ्याने वर काहीच लिहून ठेवलं नव्हतं. केबलवर चिकटपट्टीने 'क्रॉस' एवढी दोन अक्षरं चिकटवली असती, तर हा सगळा दिवस वाचला असता.

मोजताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही इंडिकेटर सेकंदाला अनेक वेळा वजन पाठवत राहतात. अशा वेळी मल्टिमीटरचा आकडा स्थिर राहत नाही, थरथरतो. घाबरू नका. थरथरतोय म्हणजे तिथून कोणीतरी बोलतंय, हीच खूण. दुसरं, कॉम्प्युटरच्या ४ आणि ७ नंबरवरही व्होल्टेज दिसतं. त्या दुसऱ्या कामाच्या पिना आहेत. निकाल फक्त २ आणि ३ वरून लावायचा.

आणि २ किंवा ३ वर उणेऐवजी अधिक ५ किंवा अधिक ३.३ व्होल्ट स्थिर दिसले, तर थांबा. ते बहुधा आरएस-२३२ नाहीच. छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर असतात तशा पातळीचं ते सिग्नल असू शकतं. तिथे कॉम्प्युटर थेट जोडला तर बोर्ड जळू शकतो. केबल बदलून ते सुटणार नाही.

नर-मादीवर विश्वास का ठेवू नये

सगळे फसले ते इथे. एक ढोबळ समज आहे की पिना बाहेर आलेला, म्हणजे नर कनेक्टर हा कॉम्प्युटरच्या जातीचा, आणि भोकांचा, म्हणजे मादी कनेक्टर हा मोडेमच्या जातीचा. कॉम्प्युटर आणि मोडेमच्या बाबतीत हे खरं आहे. म्हणून सरळ केबल बहुतेक वेळा नर-मादी अशी मिळते आणि तयार नल मोडेम केबल मादी-मादी.

पण काट्याच्या इंडिकेटरवर मादी कनेक्टर होता आणि तरी तो ३ नंबरवर बोलत होता. म्हणजे अंग एका जातीचं आणि वागणूक दुसऱ्या जातीची. दुकानदाराने फोटो बघून नर-मादी केबल दिली. कनेक्टर तंतोतंत बसला, म्हणून कुणाला शंका आली नाही. बनवणाऱ्याने हाताशी होता तो कनेक्टर लावलेला असतो, त्यामागे फार विचार असेलच असं नाही. कनेक्टर बसला याचा अर्थ जोडणी बरोबर झाली असा होत नाही. विचारायचंच तर मल्टिमीटरला विचारा.

मग कोणत्या यंत्राला कोणती?

सरळ केबल लागते ती मुख्यतः मोडेमच्या जातीच्या यंत्रांना. जुनं टेलिफोनचं मोडेम, एसएमएस पाठवायला वापरतात ते सिमकार्डवालं जीएसएम मोडेम, जुना सिरियल माऊस. बारकोड स्कॅनर आणि बऱ्याच छोट्या यंत्रांना बनवणाऱ्यानेच कॉम्प्युटरला थेट लागेल अशी केबल दिलेली असते. ती वाढवायची असेल तर मधला तुकडा सरळच हवा.

उलटी केबल लागते ती जिथे दोन्ही बाजू स्वतःला कॉम्प्युटर समजतात तिथे. दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडताना नक्कीच. सिरियल पोर्टाचे पावती छापणारे बरेच प्रिंटर कॉम्प्युटरच्या जातीचे असतात. ज्या नेटवर्क स्विचवर कन्सोलसाठी नर कनेक्टर असतो, त्यांना बहुधा उलटी लागते. वर्कशॉपमधल्या सीएनसी मशिनला कॉम्प्युटरवरून प्रोग्राम पाठवतानाही सहसा उलटीच. तिथे मशिनच्या बाजूला बहुतेक वेळा पंचवीस पिनांचा कनेक्टर असतो, आणि एक सापळाही. पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर कॉम्प्युटरच्या जातीचं यंत्र २ नंबरवर बोलतं आणि ३ नंबरवर ऐकतं, म्हणजे नऊ पिनांच्या उलट. शिवाय ग्राउंड ५ वर नसून ७ वर. त्यामुळे नऊ ते पंचवीस केबलमध्ये २ ला २ वाजलं तर ती उलटी, आणि २ ला ३ वाजलं तर ती सरळ. आकड्यांवरून फसू नका.

तिसरा गट म्हणजे वजनाचे इंडिकेटर, डेअरीतली दुधाची तपासणी यंत्रं, पीएलसी आणि लॅबमधली यंत्रं. यांच्याबद्दल सरसकट काही सांगता येत नाही. एकाच कामाच्या दोन कंपन्यांच्या यंत्रांत दोन पद्धती असतात. इथे मोजूनच ठरवायचं.

आणि चौथा गट, ज्याच्याजवळ या दोन्ही केबली नेऊ नयेत. काही यूपीएसच्या मागे नऊ पिनांचा कनेक्टर असतो, पण त्यातल्या पिना त्या कंपनीने आपल्या मर्जीने लावलेल्या असतात. साधी सरळ केबल लावताच असा यूपीएस बंद पडून सगळे कॉम्प्युटर जागच्या जागी बंद झाल्याची उदाहरणं आहेत. यूपीएसला त्याच्यासोबत आलेलीच केबल.

केबल बनवली ती अशी

इंडिकेटर मादी, कन्व्हर्टर नर. म्हणजे केबलला कन्व्हर्टरच्या बाजूला मादी आणि इंडिकेटरच्या बाजूला नर कनेक्टर हवा, आणि आत उलटापालट. तयार मादी-मादी नल मोडेम केबल इथे बसलीच नसती. नल मोडेमचा छोटा अडॅप्टर मिळाला असता तर नव्या सरळ केबललाच लावून भागलं असतं. तो शेवगावात मिळाला नाही, म्हणून डाग लावायला बसलो.

```
CONVERTER          INDICATOR
2  RXD   <-------   3  TXD
3  TXD   ------->   2  RXD
5  GND   --------   5  GND
```

तीन तारांची, वरून जाळी असलेली केबल घ्या. जाळी एकाच टोकाला कनेक्टरच्या धातूच्या खोळीला जोडा, दुसऱ्या टोकाला मोकळी सोडा. डाग लावताना पिनांचे आकडे स्वतः मोजू नका. नर समोरून पाहिला तर १ नंबर डावीकडे वर असतो, मादीवर तोच उजवीकडे येतो, आणि मागून पाहिलं की दोन्ही परत फिरतात. प्रत्येक पिनेजवळ प्लॅस्टिकवर बारीक आकडा कोरलेला असतो. मोबाईलचा टॉर्च लावून तोच वाचा. माझ्या हातून चुका झाल्यात त्या बहुतेक इथेच.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एकाने सुचवलं होतं, "इंडिकेटर उघडून आतल्याच दोन तारा बदलू ना." ते करायचं नाही. काट्याच्या इंडिकेटरला वैधमापन शास्त्र विभागाचं सील असतं. ते तुटलं तर काट्याची पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते, आणि तोवर त्याच्या वजनावर कुणी बोट ठेवलं तर मालकाकडे उत्तर नसतं. उलटापालट नेहमी केबलमध्येच करायची.

वजन आलं, पण अर्धवट

केबल लावली. PuTTY मध्ये वेग ९६०० ठेवला, आणि पडद्यावर अशा ओळी धावू लागल्या:

```
US,GS,+  7790kg
US,GS,+  7830kg
ST,GS,+  7840kg
```

`US` म्हणजे वजन अजून हलतंय, `ST` म्हणजे स्थिर झालं. `GS` म्हणजे भरलेलं, एकूण वजन. स्थिर झाल्यावरचाच आकडा पावतीवर जायला हवा.

PuTTY बंद केलं, काट्याचं सॉफ्टवेअर उघडलं, आणि परत शून्य! सगळ्यांचे चेहरे पडले. पण आता शोधायची जागा लहान झाली होती. तारेतून वजन येतंय हे डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे दोष सॉफ्टवेअर काय मागतंय त्यात.

काही जुने प्रोग्राम नुसत्या २, ३ आणि ५ वर समाधान मानत नाहीत. समोरचा तयार आहे अशी खूण त्यांना ६ आणि ८ नंबरवर हवी असते, काहींना १ नंबरवरही. मूळ जुळणीत मोडेम ती खूण द्यायचं. आपल्या तीन तारांच्या केबलमध्ये ती देणारं कुणीच नाही. उपाय असा की कॉम्प्युटरने दिलेली खूण त्याच्याच कनेक्टरमध्ये त्याला परत द्यायची:

```
CONVERTER SIDE
7 RTS --- 8 CTS
4 DTR --- 6 DSR --- 1 DCD
```

कन्व्हर्टरच्या बाजूच्या टोपीत दोन छोटे तुकडे डागले. सॉफ्टवेअर उघडताच वजन चौकटीत आलं. मात्र याची मर्यादाही समजून घ्या. ही खोटी खूण आहे. काट्यासारखं एकाच दिशेने चार आकडे येणार असतील तर बिघडत नाही. पण प्रिंटर किंवा सीएनसी मशिन खरोखरच 'थांब, माझी जागा भरली' असं सांगत असेल, तर हा जुगाड ते सांगणं कॉम्प्युटरपर्यंत पोहोचू देत नाही आणि मधली अक्षरं गळतात. तिथे पूर्ण नल मोडेम केबल लागते. तिच्यात एकाची ७ दुसऱ्याच्या ८ ला आणि एकाची ४ दुसऱ्याच्या ६ व १ ला, असं दोन्ही बाजूंनी जातं.

संध्याकाळपर्यंत रांग निघाली. सकाळपासून हाताने टाइप केलेल्या पावत्या मालकांनी इंडिकेटरच्या वहीशी ताडून घेतल्या. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना मी चिकटपट्टी लावली: 'क्रॉस, २-३'.

श्रोत्यांचे तीन प्रश्न

*चुकीची केबल लावली तर पोर्ट जळतं का?* खऱ्या आरएस-२३२ मध्ये नाही. बोलणाऱ्या दोन पिना एकमेकींना लागल्या तरी सहन व्हाव्यात असंच ते मानक आहे. त्यामुळे एकदा सरळ, एकदा उलटी लावून बघायला हरकत नाही. अपवाद वर सांगितलेले: यूपीएस, आणि ज्या यंत्रांच्या ९ नंबरवर ५ व्होल्टचा पुरवठा दिलेला असतो ती.

*केबल चुकीची की वेग चुकीचा, हे कसं ओळखायचं?* पडद्यावर काहीच येत नसेल तर केबल, ग्राउंड किंवा पोर्ट नंबर बघा. वेडीवाकडी चिन्हं येत असतील तर केबल बरोबर आहे, वेग किंवा पॅरिटी चुकली आहे. PuTTY मध्ये नीट येतं पण प्रोग्राममध्ये नाही, तर ६ आणि ८ नंबरची खूण बघा.

*नल मोडेम केबललाच नल मोडेम अडॅप्टर लावला तर?* दोनदा उलटं केलं की सरळ होतं. एका श्रोत्याने दोन दिवस यावर घालवले. आता नेटवर्कच्या केबलमध्ये सरळ-उलटं यंत्र आपोआप ओळखतं, त्यामुळे आपल्याला सवय राहिलेली नाही. सिरियल पोर्ट असं काही ओळखत नाही. जसं जोडाल तसंच.

पुढच्या भागात नऊ पिनांच्याच कनेक्टरवर येणारं आरएस-४८५ बघू, कारण काट्यापासून ऑफिस लांब असेल तर ही केबल पुरत नाही. तोपर्यंत तुमच्याकडच्या यंत्राच्या २ आणि ३ वर किती व्होल्ट आले, ते यंत्राच्या नावासकट कळवा.